साडेआठला, सगळ्यांनी एकदम

2 एप्रिल 2020 ची रात्र. लंडनचं नॅशनल थिएटर बंद होतं, जगातली बहुतेक नाट्यगृहं बंद होती. तिथल्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजले, आपल्याकडे साडेअकरा, आणि थिएटरच्या यूट्यूब चॅनलवर ‘वन मॅन, टू गव्हनर्स’ या विनोदी नाटकाचं रेकॉर्डिंग सुरू झालं. रेकॉर्डिंग 2011 सालचं, म्हणजे नऊ वर्षं जुनं. नटांना त्या रात्री काहीही करायचं नव्हतं. शिवाय नाटक पुढचे सात दिवस कधीही, फुकट पाहता येणार होतं. तरीही त्या पहिल्या संध्याकाळी दोन लाखांहून जास्त लोक एकाच वेळी ते पाहत होते. ज्या लिटल्टन प्रेक्षागृहात हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं, तिथे नऊशेपेक्षा थोड्या कमी खुर्च्या आहेत. म्हणजे एका संध्याकाळी सव्वादोनशेच्या आसपास हाउसफुल प्रयोग, आणि रंगमंचावर कुणीच नाही.

सात दिवस मोकळे असताना एवढी माणसं सातलाच का आली? मला या प्रश्नाने बरेच दिवस छळलं आहे. इंटरनेटवरच्या व्हिडिओची सगळी मिजास एकाच गोष्टीवर उभी आहे: तुम्हाला हवं तेव्हा पाहा. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे, कारण ते तेव्हाच दिसायचं. ते बंधन एकदाचं सुटलं. आणि आता त्याच इंटरनेटवर, जी वस्तू कपाटात तयार आहे, तिला मुद्दाम कुलूप लावायचं, किल्ली कधी फिरणार ती वेळ दारावर लिहायची, आणि लोकांनी दारात जमायचं. ते जमतातही!

या कुलपाचं एक रीतसर बटण आहे. यूट्यूबने ते 2018 साली आणलं आणि त्याला ‘प्रीमियर’ हे सिनेमावाल्यांचं नाव दिलं. व्हिडिओ चढवताना, तो कुणाला दिसावा हे विचारणाऱ्या शेवटच्या पायरीवर Schedule निवडायचं, तारीख-वेळ भरायची आणि खालच्या Set as Premiere या चौकटीत खूण करायची. ती खूण केली नाही, तर व्हिडिओ ठरलेल्या वेळी गुपचूप प्रकट होतो, त्याआधी त्याचा कुणाला पत्ताही नसतो. खूण केली, की उलटं होतं. व्हिडिओ लपलेला राहतो, पण त्याचं पान त्याच क्षणी जगाला दिसू लागतं. त्यावर चित्र असतं, नाव असतं, वेळ असते, आठवण करून द्यायला Notify me हे बटण असतं, आणि चॅटची खिडकीही उघडलेली असते. दाखवायला अजून काही नाही, पण बोलायला जागा झाली.

हे पान फार हुशारीने रचलेलं आहे. त्याचा पत्ता, म्हणजे लिंक, शेवटपर्यंत तीच राहते. चार दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक त्या रात्री प्रेक्षागृह होते आणि दुसऱ्या दिवशी साधा व्हिडिओ. ज्याने आठवणीचं बटण दाबलं, त्याला सुरुवातीच्या साधारण अर्धा तास आधी एक सूचना जाते आणि सुरू होताना दुसरी. पानावर ‘इतके जण वाट पाहत आहेत’ हा आकडा हलत राहतो. मूळ व्हिडिओच्या तोंडाशी उलटी मोजणी लागते, संगीतासकट. नेहमीची ठेवली तर दोन मिनिटांची. नाट्यगृहात तिसरी घंटा झाल्यावर खोकले थांबतात, तसा या दोन मिनिटांत चॅटचा सूर बदलतो. तोवर गावगप्पा चाललेल्या असतात. मग एकदम ‘आलं, आलं’.

आता आतली गंमत. इंटरनेटवरचा व्हिडिओ तुमच्या फोनवर एका लांबलचक तुकड्यात येत नाही. त्याचे काही सेकंदांचे छोटे छोटे तुकडे केलेले असतात, आणि तुमचा प्लेयर एकामागून एक तुकडा मागवत जातो. एरवी सगळे तुकडे सगळ्यांना खुले असतात, म्हणूनच तुम्ही बोटाने रेघ ओढून थेट शेवटावर जाऊ शकता. थेट प्रक्षेपणात पुढचे तुकडे मागताच येत नाहीत, कारण ते अजून घडलेलेच नसतात. प्रीमियरमध्ये तुकडे सगळे तयार आहेत, पण घड्याळाच्या काट्याबरोबर एकेक खुला होतो. साडेआठच्या प्रीमियरमध्ये आठ वाजून चाळीस मिनिटांनी नववं मिनिट चालू असेल, तर दहाव्या मिनिटाला पृथ्वीवर कुणीही हात लावू शकत नाही. मागे जाता येतं, थांबता येतं, पुढे पळता येत नाही. उशिरा आलेला माणूस थेट चालू क्षणात येऊन बसतो. त्याला हवं तर तो रेघ मागे ओढून पहिल्यापासून पाहू शकतो. पण मग त्याच्या शेजारची चॅट त्याच्या पुढे धावत असते, आणि शेवट काय झाला हे तिच्यातून आधीच कळतं. मागे राहिल्याचा दंड एवढाच, पण तो पुरतो.

म्हणजे प्रीमियर हे थेट प्रक्षेपणाचं सोंग आहे. सोंग म्हणताना मी नाक मुरडत नाही. 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी चंद्रयान-3 उतरत होतं, तेव्हा इस्रोच्या चॅनलवर एकाच वेळी ऐंशी लाखांहून जास्त प्रेक्षक होते. तिथला श्वास रोखलेला होता, कारण निकाल कुणालाच माहीत नव्हता, खुद्द इस्रोलाही. प्रीमियरमध्ये निकाल एका फाइलमध्ये पडून असतो, अनेकदा आठवडाभर आधीपासून. अनिश्चितता खरी नाही, पण एकत्र असणं शंभर टक्के खरं आहे. तुम्ही जे या सेकंदाला पाहताय, तेच आत्ता बाकीचेही पाहताहेत. माणसाला एवढं पुरतं, असं दिसतं.

किती पुरतं याचे आकडे थक्क करणारे आहेत. हे बटण नवं होतं तेव्हाच, 30 नोव्हेंबर 2018 ला, आरियाना ग्रांदेच्या ‘थँक यू, नेक्स्ट’ या गाण्याच्या प्रीमियरला एका क्षणी 8 लाख 29 हजार लोक हजर होते. पावणेदोन वर्षांनी, 21 ऑगस्ट 2020 ला, बीटीएस या कोरियन चमूचं ‘डायनामाइट’ आलं. सोलमध्ये दुपारचा एक, आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. त्या क्षणी तीस लाखांहून जास्त माणसं एकत्र होती आणि पहिल्या चोवीस तासांत गाणं दहा कोटींहून अधिक वेळा पाहिलं गेलं. गाण्याचा व्हिडिओ आहे पावणेचार मिनिटांचा. त्यासाठी तासन्‌तास आधीपासून लोक रिकाम्या पानावर येऊन बसले होते.

पण मला खरं नवल या आकड्यांचं वाटत नाही. तीस लाखांच्या चॅटमध्ये संवाद शक्यच नसतो. ओळी इतक्या वेगाने वर पळतात, की डोळा एकही पकडू शकत नाही. यूट्यूब म्हणूनच Top chat नावाची गाळलेली धार दाखवतं आणि सगळी हवी असेल तर वेगळी निवडावी लागते. एवढ्या गर्दीत चॅट म्हणजे स्टेडियमचा गलका. त्याला त्याची मजा आहे. पण या सोयीचा खरा चमत्कार दीडशे माणसांत दिसतो, तीस लाखांत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून एक लहान प्रीमियर पायरीपायरीने पाहू.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात तरुणांच्या गटाने गाळाने भरलेली जुनी बारव दोन उन्हाळे खपून मोकळी केली. त्याचं चित्रण केलं, आणि बावीस मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला. चॅनलला सातशे सबस्क्रायबर. गावची माणसं पुण्यात, मुंबईत, काही लंडनमध्ये, काही न्यू जर्सीत. व्हिडिओ सरळ टाकून दिला, तर तो आठवडाभर थोडा थोडा पाहिला जाईल, खाली वीसेक प्रतिक्रिया येतील, आणि एकाने विचारलेल्या प्रश्नाला दुसरा तीन दिवसांनी उत्तर देईल. गटाने ठरवलं, रविवारी रात्री साडेआठला प्रीमियर.

पहिलं काम प्रीमियर लावण्याच्या आधीचं आहे, आणि तेच बहुतेक जण टाळतात. फाइल आधी Private म्हणून चढवायची. चढवून झाल्यावरही यूट्यूबला ती निरनिराळ्या दर्जांत तयार करायला वेळ लागतो. स्वच्छ, मोठ्या चित्राची आवृत्ती सगळ्यांत शेवटी येते. ती आल्यावर दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकाने मोबाइलवर आणि एकाने टीव्हीवर, व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायचा. कारण प्रीमियर लागल्यावर आतली फाइल बदलता येत नाही. कुणा आजोबांच्या नावाची पाटी चुकली, हे शनिवारी लक्षात आलं, तर एकच उपाय उरतो: तो व्हिडिओ काढून नवा चढवायचा. नव्या व्हिडिओची लिंक नवी. म्हणजे दोन दिवस गटागटांत फिरवलेली लिंक मेली, आणि ज्यांनी आठवणीचं बटण दाबलं होतं त्यांची नोंदही तिच्याबरोबर गेली. नाव, वर्णन, मुखपृष्ठाचं चित्र, वेळ हे सगळं शेवटच्या घटकेपर्यंत सुधारता येतं. आतलं एक अक्षरही नाही.

याच टप्प्यावर आवाज तपासायचा. गाळ काढताना मागे देवळाच्या भोंग्यावर सिनेमाचं गाणं वाजत होतं आणि ते चित्रणात उतरलं, तर यूट्यूबची हक्क ओळखणारी यंत्रणा ते पकडू शकते. चढवतानाच्या Checks या पायरीवर तसा इशारा दिसतो. इशारा नुसता जाहिरातीच्या पैशाबाबत असेल तर फारसं बिघडत नाही, पण हक्कदाराने काही देशांत तो व्हिडिओ अडवला असेल तर न्यू जर्सीची मंडळी साडेआठला काळ्या पडद्यासमोर बसतील. तेवढा भाग आधीच कापलेला बरा.

दुसरा प्रश्न: पान किती आधी उघडायचं? इथे उत्साह घात करतो. तीन आठवडे आधी लावलेला प्रीमियर लोकांच्या यादीत येतो, चित्र छान दिसतं, माणूस बोट लावतो, आणि समोर येतं ‘अजून वीस दिवस’. एकदा चिडतो, दुसऱ्यांदा नाव बघूनच पुढे सरकतो. प्रीमियरबद्दल प्रेक्षकांची जुनी तक्रार हीच आहे, की न उघडणारी दारं यादीत कशाला? माझ्या मते लहान चॅनलला तीन-चार दिवस भरपूर. बुधवारी रात्री पान उघडायचं, गुरुवारी लिंक पाठवायची, रविवारी सकाळी पुन्हा. मोठ्या चॅनलना या मधल्या दिवसांसाठी त्याच पानावर झलकही लावता येते, पंधरा सेकंदांपासून तीन मिनिटांपर्यंतची. पण ही सोय हजारावर सबस्क्रायबर असलेल्यांसाठी आणली गेली. आपल्या सातशेवाल्यांनी तीस सेकंदांची झलक व्हॉट्सॲपवरच फिरवावी.

वेळेचा हिशोब मात्र बारकाईने करावा लागतो. रात्री साडेआठ म्हणजे लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे चार आणि हिवाळ्यात तीन. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा. सिडनीत तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, त्यांना सोडून द्यावं लागतं. आता खोच अशी, की ब्रिटनची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे सरकतात आणि अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. नेमका दिवाळीच्या आसपासचा काळ, जेव्हा आपल्याकडे असे कार्यक्रम हटकून ठरतात. गुरुवारी कुणी हिशोब करून ‘न्यू जर्सी सकाळी अकरा’ असं कळवलं आणि शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री घड्याळ बदललं, तर ती मंडळी तासभर उशिरा येतील आणि चॅटमध्ये कुणी नसेल. म्हणून निरोपात फक्त भारतीय वेळ लिहायची आणि खाली लिंक द्यायची. यूट्यूबचं पान ज्याला त्याला त्याच्या गावच्या घड्याळानुसार वेळ दाखवतं आणि तिथे चूक होत नाही.

आता रविवार. गटातल्या तिघांनी कामं वाटून घेतली. एकाने चॅनलच्या नावाने चॅटमध्ये बोलायचं. दोघांना मॉडरेटर केलं. त्यांना नको तो मजकूर काढता येतो, त्रास देणाऱ्याला गप्प करता येतं. मॉडरेटर आदल्या दिवशीच नेमायचे, कारण साडेआठला सेटिंग शोधत बसलात तर पहिली पाच मिनिटं गेली. शिव्या आणि फोन नंबर अडवण्यासाठी काही शब्दांची यादी आधीच देता येते. यादीत मराठी शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही तऱ्हांनी घालावे लागतात, कारण आपल्याकडे बरेच लोक रोमनमध्येच मराठी लिहितात. Slow mode नावाची सोय आहे, तिने एका माणसाला दोन ओळींमध्ये ठरावीक सेकंद थांबावं लागतं. हजारोंच्या गर्दीत ती वरदान आहे. दीडशे माणसांत ती लावू नये, बोलण्याचा ओघ तुटतो.

सव्वाआठला चॅनलच्या नावाने पहिली ओळ पडली: कुठून पाहताय, सांगा. ही ओळ साधी वाटते, पण चॅट बोलती होण्यासाठी याहून सोपा प्रश्न नाही. उत्तराला विचार लागत नाही, आणि प्रत्येक उत्तर दुसऱ्याला दिसतं. ‘हडपसर’, ‘ठाणे’, ‘रीडिंग, इंग्लंड’, ‘वरची आळी’. वरच्या आळीचं नाव दिसताच इंग्लंडवाला विचारतो, वरची आळी म्हणजे कुणाकडचे? व्हिडिओ अजून सुरू व्हायचाच आहे आणि जे व्हायला हवं होतं त्यातलं अर्धं होऊन गेलं.

साडेआठ. मोजणी, आणि मग बारव. इथे चॅट सांभाळणाऱ्याला एक तांत्रिक गोष्ट ठाऊक हवी. सगळे एकाच क्षणी पाहतात हे स्थूलमानाने खरं आहे. प्रत्येकाच्या नेटचा वेग वेगळा, फोन किती तुकडे आधी साठवून ठेवतो तेही वेगळं. त्यामुळे पुण्यातल्या फायबरवर जे दिसलं ते गावातल्या मोबाइलवर काही सेकंदांनी पोचतं. चॅटची ओळ मात्र जवळजवळ लगेच पोचते. समजा, नवव्या मिनिटाला गाळाखालून शिलालेखाची पहिली ओळ उघडी पडते. पुण्यातल्या एखाद्याने ‘अरे, हे तर देवनागरी!’ लिहिलं, की गावात शिलालेख दिसायच्या आधीच तो वाचला गेला. प्रेक्षकांना कोण आवरणार? पण चॅनलने तरी शिस्त पाळायची: नवव्या मिनिटाबद्दल बोलायचं ते पडद्यावर क्षण उलटून दहा-पंधरा सेकंद गेल्यावर. प्रश्न आणि माहिती आधीच एका कागदावर, मिनिटांच्या क्रमाने लिहून ठेवलेली असावी. चॅटची ओळ लहान असते, त्यामुळे शिलालेखाचं सगळं वाचन एका ओळीत मावत नाही. तीन तुकडे करून ठेवायचे आणि एकेक चिकटवायचा.

आणि आता मी ज्याला चमत्कार म्हणतो तो. थेट प्रक्षेपण करणारा माणूस कॅमेऱ्याकडे बघतो, आवाज नीट जातोय का बघतो, चॅटकडे त्याचं लक्ष ओझरतं. नाटकातला नट सहसा प्रयोगात प्रेक्षकाशी गप्पा मारू शकत नाही. सिनेमाचा दिग्दर्शक पहिल्या खेळाला मागच्या भिंतीला टेकून अंधारात लोकांच्या पाठी बघत उभा राहतो. हसले तर सुटला, जांभई दिली तर मेला. प्रीमियरमध्ये काम करणारा मोकळा असतो. त्याचं काम होऊन गेलं आहे, फाइल आपली आपण चालली आहे, आणि तो प्रेक्षकांत बसून, त्याच क्षणाबद्दल, त्यांच्याशी बोलतो आहे. ‘ही पायरी निघाली त्या दिवशी खाली साप होता,’ असं तो अकराव्या मिनिटाला लिहितो. ते व्हिडिओत नाही, कधीच नसेल. समोर तीच पायरी दिसते आहे आणि बनवणारा बाजूला बसून मागची गोष्ट सांगतो आहे. बनवणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला अशी शेजारी जागा याआधीच्या कुठल्याही कलाप्रकाराने इतक्या सहज दिलेली मला आठवत नाही.

पंधराव्या मिनिटाला कुणीतरी लिहितं, ‘डावीकडचा कोनाडा आमच्या आजीच्या वेळी उघडा होता, आत दिवा लावायचे.’ गटाला हे माहीत नव्हतं. अशी ओळ साध्या व्हिडिओखालीही आली असती, पण तिथे ती एकटी पडली असती. इथे तिला दहा सेकंदांत तीन उत्तरं येतात, त्यातलं एक सांगणाऱ्या बाईंच्या चुलतभावाचं. व्हिडिओ संपल्यावरही ही सगळी चॅट व्हिडिओबरोबर राहते. नंतर पाहणाऱ्याला ती त्या त्या मिनिटाला, त्याच क्रमाने सरकताना दिसते. बंद करायची असेल तर बंदही करता येते. पण माझं ऐकाल तर ठेवा, आणि कोनाड्यासारखी ओळ वेगळी उतरवूनही घ्या. ती गावाच्या इतिहासाची नोंद आहे.

एक सापळा शाळांसाठी सांगायलाच हवा. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ हा प्रीमियरला अगदी योग्य: पालक उत्सुक, आजी-आजोबा परगावी. पण चढवताना यूट्यूब विचारतं, हा व्हिडिओ लहान मुलांसाठी बनवलेला आहे का? मुलं दिसतात म्हणून शिक्षक ‘हो’ म्हणतात, आणि चॅट बंद होते. उत्तर पडद्यावर कोण आहे यावर नसून व्हिडिओ कुणासाठी आहे यावर द्यायचं असतं. पालकांसाठी केलेला व्हिडिओ आणि चिमुकल्यांसाठी केलेलं बडबडगीत यांत फरक आहे. अर्थात मुलांची नावं आणि चेहरे उघड्या चॅटशेजारी ठेवावेत का, हा प्रश्न उरतोच. शाळेने तो पालकांना विचारून मगच सोडवावा.

प्रीमियर जमला की नाही, हे कसं ओळखायचं? एकूण व्ह्यूजवरून मुळीच नाही; ते आज ना उद्या तेवढेच होऊ शकतात. यूट्यूब स्टुडिओमध्ये एकाच वेळी जास्तीत जास्त किती लोक होते हा आकडा मिळतो, आणि चॅटमध्ये किती ओळी पडल्या तोही. हे दोन शेजारी ठेवा. एकशे चाळीस माणसं आणि चॅटमध्ये अकरा ओळी, त्यातल्या सहा आपल्याच माणसांच्या, तर लोक आले पण बोलायला कारण मिळालं नाही. उलट तीस माणसं आणि तीनशे ओळी असतील, तर संध्याकाळ रंगली, फक्त बोलावणं कमी पडलं. पहिला दोष प्रश्नांच्या कागदाचा, दुसरा गुरुवारच्या निरोपाचा. दोन्ही पुढच्या वेळी दुरुस्त होतात. मोजणी चालू असताना समोर सहाच जण वाट पाहताना दिसले, तर मात्र घाबरून वेळ पुढे ढकलू नये. जे सहा आले ते वेळेवर आले आहेत, आणि शिक्षा त्यांनाच होते.

आणि हे वरचेवर करू नये. दर आठवड्याच्या साध्या व्हिडिओलाही प्रीमियर लावणारी चॅनल आहेत. चार आठवड्यांत मोजणीच्या वेळी तेच बारा चेहरे उरतात, आणि बाकीच्यांना कळतं की अर्ध्या तासाने आलं तरी काही बिघडत नाही. ज्यासाठी माणसांनी जेवण लवकर उरकावं असं तुम्हालाच वाटतं, त्या एखाद्या व्हिडिओसाठीच हे राखून ठेवा. त्या रात्री तुम्ही स्वतः चॅटमध्ये पूर्ण वेळ हजर राहणार नसाल, तर प्रीमियर लावूच नका. सरळ Public करा आणि झोपा.